हाताची कावीळ, नळाची कावीळ

१९५५ चा पावसाळा दिल्लीला जड गेला. यमुनेला मोठा पूर आला आणि तो ओसरताना नदीनं पात्र बदललं. वझिराबादला जिथून शहरासाठी पाणी उचललं जायचं, तिथून मुख्य प्रवाह दूर सरकला. या जागेच्या थोडं खाली नजफगढचा नाला शहराचा मैला आणि सांडपाणी घेऊन यमुनेला मिळतो. एरवी ती घाण नदीबरोबर खाली वाहून जायची. पण नदीच बाजूला गेल्यावर नाल्याचं पाणी उलटं फिरून उपशाच्या तोंडाशी येऊ लागलं. नोव्हेंबरच्या मध्यावर काही दिवस तर पंप जे पाणी उचलत होते, त्यात नाल्याचाच वाटा मोठा होता.

जलशुद्धीकरण केंद्रावरच्या लोकांना हे कळलं नव्हतं असं नाही. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीन वाढवला, आणि वरवर पाहता त्याचा उपयोगही झाला. इतका मैला पाण्यात मिसळल्यावर टायफॉइड, हगवण यांची साथ यायला हवी होती, ती आली नाही. दोन-तीन आठवडे गेले, बला टळली असं वाटलं. आणि मग डिसेंबरमध्ये दिल्लीकरांचे डोळे पिवळे व्हायला लागले. जानेवारी संपायच्या आत साथ ओसरली, पण तोवर सुमारे २९ हजार लोकांना उघड कावीळ होऊन गेली होती.

या साथीचा तपशीलवार अभ्यास डॉ. विश्वनाथन यांनी १९५७ साली प्रसिद्ध केला. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीबद्दल आज आपल्याला जे कळतं, त्याचे बरेचसे धागे त्या कागदांत आहेत. फक्त ते उलगडायला पुढची पंचवीस वर्षं लागली. तेव्हा दूषित पाण्याची कावीळ एकच मानली जायची आणि ती मुलांचा आजार म्हणून ओळखली जायची. दिल्लीत मात्र आजारी पडले ते प्रामुख्यानं तरुण आणि मध्यमवयीन लोक. मुलं बऱ्याच अंशी सुटली. घरात एकाला कावीळ झाली म्हणून महिन्याभरानं त्याच्याकडून दुसऱ्याला झाली, असं फारसं घडलं नाही. सगळे जणू एकाच वेळी एकाच पाण्यातून आजारी पडले होते. आणि गरोदर बायकांमध्ये मृत्यूचं प्रमाण इतरांच्या कितीतरी पट होतं.

हिपॅटायटिस ए चा विषाणू १९७३ साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसला आणि त्याची रक्तचाचणी पुढच्या काही वर्षांत हाताशी आली. १९७८ मध्ये काश्मीर खोऱ्यात सोपोर, बारामुल्ला भागात अशीच प्रचंड साथ आली. डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी गावोगाव फिरून तिची नोंद केली. रुग्णांचं रक्त तपासलं, तर ती ए नव्हती आणि बी ही नव्हती. त्याच सुमारास पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतल्या आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दिल्लीच्या साथीतले जपून ठेवलेले रक्ताचे नमुने बाहेर काढले. १९८० साली निष्कर्ष छापून आला: दिल्लीच्या रुग्णांच्या रक्तात ए ची प्रतिपिंडं होती, पण जुनी. म्हणजे या सगळ्यांना लहानपणीच ए होऊन गेली होती आणि ती पुन्हा होणं शक्य नव्हतं. १९५५ चा गुन्हेगार कुणीतरी दुसराच होता.

तो कोण हे पाहण्यासाठी मिखाईल बलायान या सोव्हिएत विषाणुतज्ज्ञानं जे केलं, ते आजची कुठलीही नैतिकता समिती करू देणार नाही. अफगाणिस्तानातल्या सैनिकांमध्ये काविळीची साथ होती. त्या रुग्णांच्या मैल्याचा गाळून घेतलेला अर्क त्यांनी स्वतः प्यायला. त्यांना ए पूर्वीच होऊन गेली होती, म्हणजे ए मुळे पुन्हा आजारी पडण्याचा प्रश्न नव्हता. महिना उलटून गेल्यावर त्यांना चांगलीच कावीळ झाली आणि त्यांच्याच मैल्यात त्यांना नवा विषाणू दिसला. १९८३ साली हे प्रसिद्ध झालं. पुढे त्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं.

दोघांचाही मार्ग सारखाच. विषाणू रुग्णाच्या यकृतात वाढतो, पित्तातून आतड्यात उतरतो, मैल्यातून बाहेर पडतो आणि दुसऱ्याच्या तोंडातून पोटात जातो. लक्षणंही तीच: ताप, मळमळ, अन्नावरची वासना उडणं, गडद लघवी, मग पिवळे डोळे. डॉक्टरलासुद्धा नुसतं बघून दोन्हींतला फरक सांगता येत नाही. रक्तातल्या दोन वेगळ्या चाचण्या कराव्या लागतात. त्यामुळे दोन्हींवर एकच सल्ला दिला जातो: पाणी उकळून प्या, बाहेरचं खाऊ नका, हात धुवा. सल्ला चुकीचा नाही, पण त्यात एक गोष्ट झाकली जाते. ए रोखणं बऱ्याच प्रमाणात घराच्या हातात आहे. ई रोखणं बहुतांशी नगरपालिकेच्या हातात आहे.

आधी ए चं बघू. हा विषाणू चिवट आहे. त्याच्याभोवती चरबीचं वेष्टण नसतं, त्यामुळे पोटातल्या आम्लाला तो दाद देत नाही, हातावर काही तास आणि वस्तूंवर, अन्नात त्याहून बराच जास्त काळ तग धरतो. अल्कोहोलचं सॅनिटायझर त्याच्यापुढे कमी पडतं. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात चोळणं अधिक भरवशाचं, कारण त्यात विषाणू मारायचा नसतो, धुऊन टाकायचा असतो. पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात, कधी दोन, कधी सात. आणि अडचणीची गोष्ट अशी की मैल्यातून सर्वांत जास्त विषाणू बाहेर पडतात ते डोळे पिवळे होण्याआधीच्या एक-दोन आठवड्यांत. म्हणजे माणूस अजून कामावर जातोय, फार तर थोडी कणकण आहे, आणि तेव्हाच तो सर्वांत जास्त पसरवतोय. हाच माणूस आचारी असेल किंवा पाणीपुरीच्या गाडीवर उभा असेल, तर पुढचं सांगायला नको. अन्न शिजतं तोवर धोका मरतो. धोका असतो तो शिजल्यानंतर हात लागणाऱ्या किंवा कधीच न शिजणाऱ्या पदार्थांत: पाणीपुरीचं पाणी, कोशिंबीर, वरून भुरभुरलेली कोथिंबीर, लग्नातल्या पिंपातलं मठ्ठा, उसाच्या रसातला बर्फ. बर्फानं विषाणू मरत नाही, उलट जपला जातो.

लहान मुलांच्या बाबतीत हे आणखी अवघड होतं. सहा वर्षांखालच्या दहापैकी सात मुलांमध्ये ए काही लक्षणंच दाखवत नाही. पोर हसत-खेळत असतं आणि त्याचे लंगोट बदलणारी आई, पाळणाघरातली बाई यांच्या हातांवरून विषाणू पुढे जात असतो. मोठ्यांमध्ये गणित उलटं: लागण झालेल्या दहापैकी सात किंवा अधिक जणांना उघड कावीळ होते, आणि पन्नाशीनंतर जिवावर बेतण्याचं प्रमाण वाढतं. एकदा होऊन गेली की मात्र आयुष्यभराची सुटका.

या शेवटच्या दोन गोष्टींमधून आपल्याकडे एक विचित्र परिस्थिती तयार झाली आहे. पुण्यात राष्ट्रीय विषाणू संस्थेनं ऐंशी-नव्वदच्या दशकांत शहरातल्या लोकांचं रक्त वयानुसार तपासलं, तेव्हा ए ची प्रतिपिंडं शाळेच्या वयातच बहुतेकांच्या रक्तात सापडत होती. आपल्या आजी-आजोबांना, आई-वडिलांना लहानपणी ए होऊन गेली आणि कुणाला कळलंही नाही. पुढे सुखवस्तू घरांतली मुलं या लागणीपासून सुटू लागली: घरात फिल्टर, डब्यात घरचं पाणी, स्वच्छ शाळा. हे चांगलंच झालं. पण ही मुलं अठराव्या वर्षी कोऱ्या रक्तानं होस्टेलमध्ये राहायला जातात, मेसमध्ये जेवतात, आणि जी लागण तिसऱ्या वर्षी दोन दिवसांच्या कणकणीवर भागली असती, ती एकोणिसाव्या वर्षी दीड महिना अंथरुणाला खिळवते. केरळ हे आपल्या देशातलं आरोग्याच्या बाबतीत पुढारलेलं राज्य. तिथेच हल्ली ए च्या साथी मोठ्या माणसांना गाठतात. २०२४ मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातल्या वेंगूर पंचायतीत नळाच्या पाण्यातून दोनशेहून अधिक लोक आजारी पडले, त्यांतले काही दगावले. म्हणजे ए पाण्यातूनही येते. फरक इतकाच की पाण्यावाचून तिचं अडत नाही.

अन्नातून ए किती पसरू शकते, याचं सर्वांत मोठं उदाहरण शांघायचं आहे. १९८८ च्या जानेवारी ते मार्च या काळात त्या शहरात सुमारे तीन लाख लोकांना ए झाली. कारण होतं शिंपल्या. ज्या किनाऱ्यावरून त्या आल्या, तिथल्या पाण्यात मैला मिसळत होता. शिंपली दिवसभर पाणी गाळून आपलं अन्न मिळवते आणि पाण्यातले विषाणू तिच्या पोटात साठत जातात. तिथले लोक त्या उकळत्या पाण्यात जेमतेम बुडवून, अर्ध्याकच्च्या खायचे. कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या, कालवं घरोघरी खाल्ली जातात, पण आपलं तिसऱ्यांचं सुकं नारळ-मसाल्यात नीट शिजवलेलं असतं, म्हणून शांघायची भीती आपल्या ताटाला लावायचं कारण नाही. फक्त एक लक्षात ठेवायला हवं: शिंपल्यानं तोंड उघडलं म्हणजे आतला गर पुरता शिजला असं नसतं. गर आतून ८५ ते ९० अंशांपर्यंत तापून दीडेक मिनिट तसा राहायला हवा. तोंड उघडल्यावर आणखी काही मिनिटं वाफ दिली की काम होतं.

ए साठी लस आहे आणि ती चांगली आहे. मेलेल्या विषाणूची लस पहिल्या वाढदिवसानंतर, सहा महिन्यांच्या अंतरानं दोन डोसांत देतात. दुर्बल केलेल्या जिवंत विषाणूची लस एका डोसात भागते. बालरोगतज्ज्ञ ती सुचवतात, पण सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत ती नाही, त्यामुळे पदरचे पैसे मोडून घ्यावी लागते. इथे एक गफलत फार घरांत आढळते. ‘बाळाला काविळीची लस दिली आहे,’ असं आई सांगते तेव्हा कार्डावर बहुधा हिपॅटायटिस बी लिहिलेलं असतं. ती रक्तातून आणि शरीरसंबंधातून पसरणारी कावीळ, तिची लस सरकारी यादीत आहे. ती लस ए पासूनही वाचवत नाही आणि ई पासूनही नाही. लस घ्यायची राहिलेल्या घरात कुणाला ए झालीच, तर बाकीच्यांना संपर्क आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत लस टोचून बऱ्याच वेळा आजार अडवता येतो, कारण लस विषाणूच्या आधी पोचते. ही सोय वापरली जात नाही याचं कारण साधं आहे: घरातल्या एकाला झालेली कावीळ ए ची आहे की ई ची, हे तपासलेलंच नसतं.

आता ई. पुण्यातल्या त्याच रक्ततपासणीत ई ची प्रतिपिंडं लहान मुलांमध्ये जवळजवळ नव्हतीच. ती दिसू लागत होती तरुणपणाच्या आसपास. ए आणि ई दोन्ही मैल्यातून तोंडात जाणारे विषाणू, एकाच शहरातले, एकाच नळाचे. मग मुलांना ए गाठते आणि ई का नाही? याचं उत्तर हातांत आहे. एका घरात ए आली की घरातल्या इतर न झालेल्यांना ती सहज गाठते. ई च्या रुग्णाच्या घरात दुसऱ्याला त्याच्यापासून लागण होण्याचं प्रमाण शंभरात एक-दोन इतकंच भरतं. शास्त्रज्ञांचा अंदाज असा की ई ला आजार जडवायला मोठी मात्रा लागते, आणि ती हाताला लागलेल्या कणभर घाणीतून मिळत नाही. घोटाघोटानं प्यायलेल्या मैलामिश्रित पाण्यातून मिळते. म्हणून ई ची साथ हातून-हाती सरकत येत नाही, ती शहरावर एकदम कोसळते. १९९१ मध्ये कानपूरला अशीच साथ आली, तीत सुमारे ७९ हजार लोक आजारी पडल्याचा अंदाज आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात आपल्याच इचलकरंजीत हजारो लोकांना ई झाली, त्यांत मृत्यूही झाले.

आपल्या शहरांत ते पाणी नळात कसं शिरतं, हे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. बहुतेक शहरांत पाणी चोवीस तास येत नाही. सकाळी दोन तास येतं, मग बंद. काही गावांत दिवसाआड, उन्हाळ्यात चार दिवसांआड. पाणी चालू असतं तेव्हा जलवाहिनीत दाब असतो, तिला भोक असलं तरी पाणी आतून बाहेर गळतं. पाणी बंद झालं की वाहिनी रिकामी होत जाते आणि आत हवेचा दाब घटतो. आता त्याच भोकातून बाहेरचं आत ओढलं जातं. बाहेर काय आहे? जुन्या वस्तीत घरगुती नळजोडणीचा अर्धा इंची पाइप मुख्य वाहिनीपासून घरापर्यंत सर्वांत जवळच्या वाटेनं येतो, आणि ती वाट बहुधा गटारातून जाते. गल्लीत उभं राहून पाहिलं तर कडेच्या उघड्या गटारात असे चार-सहा गंजलेले पाइप आडवे गेलेले दिसतात, एखाद्या सांध्याला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलेला. त्यात भर मोटारीची. पाणी येण्याच्या वेळेला दाब कमी म्हणून एकजण थेट नळाला मोटार लावतो, मग शेजारचा लावतो, मग सगळी गल्ली. मोटार पाणी खेचते तशी सांध्यातून गटारही खेचते, तेही पुरवठा चालू असताना. सकाळी नळ सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ, वास मारणारं पाणी येतं, त्याकडे लोक ‘पहिलं पाणी सोडून द्यायचं’ इतक्याच सहजतेनं बघतात. त्या गढूळपणाचा अर्थ वाहिनी कुठेतरी उघडी आहे असा असतो, आणि मागाहून आलेलं नितळ पाणीसुद्धा त्याच वाहिनीतून आलेलं असतं.

या सगळ्याला तोंड द्यायला आपल्याकडे क्लोरीन आहे, आणि त्याची मर्यादा दिल्लीनं १९५५ मध्येच दाखवून दिली होती. क्लोरीन पाण्यात पडला की आधी पाण्यातली घाण आणि अमोनिया त्याला खाऊन टाकतात. मैल्यात अमोनिया भरपूर असतो. त्याच्याशी बांधला गेलेला क्लोरीन जिवाणूंचं काही प्रमाणात काम करतो, विषाणूंपुढे मात्र फारच दुबळा ठरतो. म्हणून दिल्लीत टायफॉइड आला नाही आणि कावीळ आली. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात हे लक्षात घेतलेलं आहे: एरवी नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरलेला हवा, पण विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा किमान ०.५. शिवाय पाणी आधी नितळ झालेलं हवं आणि क्लोरीनला अर्धा तास तरी वेळ मिळायला हवा; गढुळाच्या कणांच्या आड विषाणू सुरक्षित बसतो. खेड्यात हेच काम जलसुरक्षक टीसीएल पावडर टाकून करतो. पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असेल आणि पाणी स्वच्छ असेल, तर हजार लिटरला अडीच ग्रॅम हा ढोबळ हिशेब. पण पोतं उघडं, दमट खोलीत पडून राहिलं तर क्लोरीन उडून जातो आणि टाकीत पडते ती नुसती पांढरी भुकटी. म्हणून पावडर किती टाकली याला अर्थ नाही, नळाला किती क्लोरीन पोचला याला आहे. त्यासाठी ओटी टेस्ट असते: नळीत पाणी घ्यायचं, द्रावणाचे थेंब टाकायचे, जितका क्लोरीन तितका पिवळा रंग. ही टेस्ट टाकीखालच्या पहिल्या नळावर करून वहीत ‘पॉझिटिव्ह’ लिहिणं ही जुनी सवय आहे. ती करायला हवी गावाच्या शेवटच्या टोकाच्या नळावर, आणि काविळीच्या दिवसांत रंग चांगला गडद यायला हवा.

प्रयोगशाळेतून ‘पाणी पिण्यास योग्य’ असा शेरा आला म्हणूनही निर्धास्त व्हायचं कारण नाही. ती तपासणी मैल्यातल्या जिवाणूंची असते. जिवाणू आधी मरतात, विषाणू मागे राहू शकतात. जिवाणू सापडले तर पाणी नक्की वाईट. नाही सापडले तर पाणी नक्की चांगलं, असं उलट वाचता येत नाही.

घरातल्या उपायांचंही तारतम्य हवं. उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळू दिलेलं पाणी दोन्ही विषाणूंना संपवतं. अर्धा तास गॅस जाळायची गरज नाही. तुरटी फिरवल्यानं गाळ बसतो, विषाणू मरत नाही. कँडलच्या फिल्टरची छिद्रं विषाणूसाठी महाद्वारासारखी असतात. अतिनील दिव्याचं यंत्र चालतं, पण पाणी नितळ असेल आणि दिवा जुना झालेला नसेल तरच. आरोग्यसेविका मेडिक्लोरची बाटली देऊन जाते ती कपाटात ठेवण्यासाठी नसते; बाटलीवर लिहिलेले थेंब टाकून अर्धा तास थांबायचं. आणि दुकानातून येणारे वीस लिटरचे थंड पाण्याचे जार म्हणजे शुद्ध पाणी, ही समजूत सोडून द्यायला हवी. पुष्कळदा ते फक्त गार केलेलं पाणी असतं.

ई बद्दलची सर्वांत गंभीर गोष्ट दिल्लीच्या साथीतच दिसली होती. सर्वसाधारण रुग्ण यातून बरा होतो. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत ई झाली तर मात्र शंभरातल्या पंधरा ते पंचवीस बायका दगावतात, असं आपल्याकडच्या साथींमधून दिसलेलं आहे. यकृत एकाएकी काम सोडतं, रक्त गोठेनासं होतं, पोटातलं मूलही हाती लागत नाही. ए मध्ये गरोदर बाईला असा वेगळा धोका नसतो. आपल्याकडे कावीळ उतरवणाऱ्यांचा धंदा अजून चालतो: गळ्यात घातलेली मुळ्यांची माळ लांब होते, चुन्याच्या पाण्यात हात पिवळे होतात. शंभरातले नव्व्याण्णव रुग्ण आपोआप बरे होणारे असल्यामुळे उतरवणाऱ्याची कीर्ती कधी कमी होत नाही. आठव्या महिन्यातल्या बाईला मात्र त्या माळेपायी गेलेले चार दिवस परत मिळत नाहीत. तिला कावीळ दिसली त्याच दिवशी रक्त गोठण्याची तपासणी होते अशा मोठ्या रुग्णालयात न्यायला हवं. झोपेची वेळ उलटसुलट होणं, असंबद्ध बोलणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त यांतलं काहीही दिसलं तर तासही घालवायचा नाही, मग रुग्ण गरोदर असो वा नसो.

युरोपात आणि जपानमध्ये ई ची कहाणी वेगळीच आहे, आणि तिकडे राहणाऱ्या मराठी माणसांना ती माहीत असलेली बरी. तिथल्या ई चे प्रकार डुकरांमध्ये राहतात आणि डुकराच्या कच्च्या-अर्ध्याकच्च्या मांसातून, विशेषतः यकृतातून माणसात येतात. कॉर्सिका बेटावरचं फिगातेल्लू हे यकृत घातलेलं सॉसेज यासाठी कुप्रसिद्ध आहे. जपानमध्ये हरणाचं कच्चं मांस खाऊन लोक आजारी पडले होते. तिथे ई नळाची नाही, ताटाची आहे. ज्यांचं मूत्रपिंड किंवा यकृत बदललेलं आहे आणि जे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतात, त्यांच्या शरीरात ही ई वर्षानुवर्षं मुक्काम ठोकते. भारतात राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या शास्त्रज्ञांनी डुकरं तपासली तेव्हा त्यांच्यात चौथा प्रकार सापडला, तर साथींतल्या माणसांत पहिला. आणि हा पहिला प्रकार माणसातून माणसातच फिरतो. तेव्हा गोव्याच्या चोरिसांवर आपल्या साथींचं खापर फोडता येत नाही. नीट शिजवून खावेत, इतकंच.

ई साठीसुद्धा लस आहे. चीननं ती २०११ मध्ये मंजूर केली. एक लाखाहून अधिक लोकांवर घेतलेल्या चाचणीत ती उत्तम ठरली होती. २०२२ मध्ये दक्षिण सुदानमधल्या बेंतिऊच्या निर्वासित छावणीत साथ आटोक्यात आणण्यासाठी ती पहिल्यांदा वापरली गेली, तीन डोसांत, गरोदर बायकांनाही. आपल्याकडच्या दवाखान्यात ती मिळत नाही. आणि ई मध्ये संपर्कानंतर टोचून आजार अडवण्याची सोयही नाही. त्यामुळे ए ची लस घेतलेल्या माणसालाही ई च्या बाबतीत नळावरच अवलंबून राहावं लागतं.

गल्लीत कावीळ सुरू झाली की काय करायचं, ते या फरकातून ठरतं. रुग्ण मुलं असतील, एकाच शाळेतले किंवा एकाच समारंभात जेवलेले असतील, आणि काही आठवड्यांनी त्यांच्या घरातले दुसरे आजारी पडू लागले तर बोट ए कडे जातं. तिथे आचारी, हात, लस यांचा विचार आधी. रुग्ण बहुतेक तरुण-मध्यमवयीन, वेगवेगळ्या घरांतले पण एकाच जलवाहिनीवरचे, एखादी गरोदर बाई गंभीर, असं चित्र असेल तर ई धरून चालावं आणि पहिल्या पाच-दहा रुग्णांच्या दोन्ही चाचण्या करून घ्याव्यात. मग कॅलेंडर मागे उलटायचं. ई ला पोटात गेल्यापासून दिसायला सरासरी सहा आठवडे लागतात. म्हणजे पंधरा जूनच्या आसपास रुग्णांची गर्दी असेल, तर मैला पाण्यात शिरला तो मेच्या सुरुवातीला. त्या दिवसांत कुठे खोदकाम झालं होतं, कुठली वाहिनी फुटली होती, कुठल्या भागातून गढूळ पाण्याच्या तक्रारी आल्या होत्या, हे पाणीपुरवठा विभागाच्या नोंदवहीत सापडतं. आज नळाचा नमुना घेऊन तो चांगला आला, तर त्यातून मेच्या पाण्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही; गळती तोवर दुरुस्तही झालेली असू शकते. आणि ती दुरुस्त झाली नसेल, तर जूनमध्ये पाणी पिणाऱ्यांची पाळी जुलैअखेरीस येणार असते. म्हणून आशाताईंच्या वहीतली त्या वाहिनीवरच्या गरोदर बायकांची नावं त्याच दिवशी काढायची, त्यांच्या घरी उकळलेलं पाणीच प्यायलं जातंय ना हे पाहायचं, आणि प्रसूतीला महिना-दोन महिने राहिलेल्या असतील त्यांना शक्य तर दुसऱ्या पाण्याच्या गावी, माहेरी पाठवायचं.